ऑर्थोपेडिक बूट गणवेशासोबत चालावेत म्हणून मुख्याध्यापकांना द्यायचं पत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात मी लिपिक होते. पालकांचा कुठलाही अर्ज आधी माझ्या टेबलावर यायचा, आवक नोंदवहीत चढायचा आणि मग सरांच्या केबिनमध्ये जायचा. त्यामुळे कुठला अर्ज दोन दिवसांत सही होऊन परत येतो आणि कुठला फाइलीत पडून राहतो, हे पुष्कळदा पाहिलं आहे. निवृत्त झाले तरी बुटांच्या पत्राबद्दल अजून विचारणा होते, विशेषतः मे महिन्यात आणि मग पुन्हा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पहिला पाऊस लागला की. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे.

१. वर्गशिक्षिकेला तोंडी सांगितलंय, त्या हो म्हणाल्यात. तरी पत्र लागतं का?

लागतं. बाई हो म्हणाल्या ते त्यांच्या वर्गापुरतं. सकाळी फाटकाशी गणवेश तपासायला उभे असतात ते वेगळे सर, पीटीचे वेगळे, आणि बाई रजेवर गेल्या की वर्गावर येतात ते आणखी तिसरेच. प्रत्येकाला मुलाने स्वतः समजावून सांगायचं, हे सातवीतल्या मुलाला जमत नाही आणि पहिलीतल्या मुलाला तर नाहीच. पत्रावर मुख्याध्यापकांची सही झाली की ते शिक्षकांच्या सूचनावहीत फिरवता येतं. तोंडी परवानगी कुठल्याच वहीत फिरत नाही.

२. पत्र कोणाच्या नावाने लिहायचं आणि कुणाच्या हातात द्यायचं?

नाव मुख्याध्यापकांचं. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर प्राचार्यांचं. द्यायचं मात्र कार्यालयात, आणि दोन प्रती घेऊन. एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून मागून घ्या. ही पोच नसेल तर महिन्याभराने ‘असं पत्र आलंच नाही’ हे वाक्य ऐकावं लागतं. त्यात दरवेळी कुणाचं कपट असतं असं नाही. जूनमध्ये दाखले, प्रवेश, पुस्तकं यांच्या गर्दीत कागद खरंच हरवतात.

सगळ्यात चांगला काळ म्हणजे निकाल लागल्यानंतरचा मे महिन्याचा पहिला आठवडा. शाळा १५-१६ जूनला उघडते, तोवर सही झालेली असते.

३. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नेमकं काय असावं?

पालक बहुतेक वेळा डॉक्टरांची जुनी फाइलच झेरॉक्स करून जोडतात. एक्स-रेचा रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, इंग्रजीतला डिस्चार्ज कागद. शाळेत ते कुणी वाचत नाही, आणि वाचलं तरी त्यात बुटाबद्दल अक्षर नसतं. अस्थिरोगतज्ज्ञांकडून वेगळी, एका पानाची चिठ्ठी मागा. लेटरहेडवर, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह. त्यात चार गोष्टी हव्यात: बूट कशा प्रकारचा आहे, तो दिवसभर घालायचा की काही वेळ, अनवाणी चालणं चालेल की नाही, आणि ही शिफारस किती काळासाठी आहे.

तिसरी गोष्ट डॉक्टरांना सुचत नाही, कारण शाळेत बूट वर्गाबाहेर काढतात हे शहरातल्या दवाखान्यात कुणाच्या डोक्यात येत नाही. ती तुम्हीच विचारायची. पुढे प्रश्न ८ मध्ये तिचं काम पडतं.

४. मुलाच्या आजाराबद्दल किती लिहायचं? सगळं सांगितल्याशिवाय परवानगी मिळेल का?

मिळेल. माझ्या टेबलावर आलेल्या पत्रांमधली सगळ्यात मोठी चूक हीच असायची: दोन पानं आजारावर आणि दोन ओळी बुटावर. जन्माच्या वेळी काय झालं, कुठल्या डॉक्टरांनी काय सांगितलं, मुंबईला किती फेऱ्या झाल्या. आईचं मन मोकळं होतं, ते समजतं. पण सरांना निर्णय बुटावर घ्यायचा असतो. पायात काय दिसणार, ते कुठे कुठे घातलेलं राहणार, किती दिवस, आणि कुणाकुणाला कळवायचं, एवढंच त्यांना हवं असतं.

आजाराचं एक वाक्य पुरे. ‘डाव्या पायाची लांबी कमी आहे’, ‘घोट्याला आधाराची गरज आहे’ असं. शिवाय पत्र शिपाई, लिपिक, शिक्षक अशा पाच-सहा हातांतून जातं आणि गाव लहान असतं, हेही लक्षात असू द्या.

५. एखादं पूर्ण पत्र दाखवा ना, कसं लिहायचं ते.

एका मुलीची गोष्ट सांगते, म्हणजे पत्रातलं प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते कळेल. पाचवीतली मुलगी. तान्ही असताना खुब्याच्या सांध्यात पू झाला होता. तिथल्या हाडाच्या वाढीच्या भागाला इजा झाली आणि डावा पाय उजव्यापेक्षा ३ सेंटिमीटर आखूड राहिला. डॉक्टरांनी अडीच सेंटिमीटरची उंची द्यायला सांगितली. फरक जेवढा तेवढीच उंची सहसा देत नाहीत, थोडी कमीच ठेवतात, म्हणजे पाऊल उचलताना बूट जमिनीला अडकत नाही. त्यातला १ सेंटिमीटर बुटाच्या आत टाचेखाली बसला. आत त्याहून जास्त घातलं की टाच वर येऊन बुटातून निसटते, म्हणून उरलेला दीड सेंटिमीटर बाहेरून, तळाला चिकटवला. साहजिकच डाव्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा जाड दिसत होता. शाळेचा नियम मुलींना काळे बेल्टचे बूट, आणि बुधवार-शनिवार पीटीला पांढरे कॅनव्हास.

तिच्या आईचं पहिलं पत्र आजाराबद्दल होतं आणि शेवटी ‘तरी विशेष बूट घालण्यास परवानगी मिळावी’. सरांनी त्याच दिवशी ‘परवानगी आहे’ लिहून सही केली. पहिल्याच बुधवारी पीटीच्या सरांनी तिला रांगेबाहेर काढलं, कारण पायात पांढरे बूट नव्हते. सरांचं म्हणणंही खोटं नव्हतं; पत्रात पीटीचा शब्दच नव्हता. मग मुलगी शनिवारी साधे कॅनव्हास घालून आली, तिरकी चालली, आणि संध्याकाळी कंबर दुखते म्हणून रडली. आई सोमवारी माझ्यापुढे येऊन बसली. ‘आता काय करूचा, तुमीच सांगा.’ आम्ही दोघींनी मिळून दुसरं पत्र लिहिलं, ते असं:

दिनांक: …

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचं नाव व गाव)

विषय: गणवेशासोबत ऑर्थोपेडिक बूट घालण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

माझी मुलगी कु. (नाव), इयत्ता ५ वी, तुकडी अ, हजेरी क्र. (…), हिच्या डाव्या पायाची लांबी कमी असल्याने डॉक्टरांनी तिला उंची दिलेले बूट दिवसभर वापरण्यास सांगितले आहे. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

बूट काळ्या रंगाचे, घोट्यापर्यंतचे व वेल्क्रोच्या पट्ट्यांचे आहेत. डाव्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा दीड सेंटिमीटर जाड आहे. गणवेशातील बाकी सर्व गोष्टी ती नियमाप्रमाणेच घालील. तरी पुढील बाबींस परवानगी मिळावी, ही विनंती.

१. वरील बूट शाळेच्या सर्व दिवशी, म्हणजे पी.टी.चे दिवस, ध्वजवंदन, सहल व स्नेहसंमेलन धरून, वापरू द्यावेत. पांढऱ्या कॅनव्हास बुटालाही तेवढीच उंची लावून घेत आहे. ती जोडी तयार होईपर्यंत पी.टी.ला काळे बूट चालावेत.

२. वर्ग, प्रयोगशाळा व संगणक कक्षात बूट न काढण्याची सवलत मिळावी. आत वापरण्यासाठी स्वच्छ तळाची वेगळी जोडी शाळेत ठेवण्याची आमची तयारी आहे.

३. पाय वाढल्याने बूट बदलावे लागतील. त्याच प्रकारच्या नव्या जोडीलाही हीच परवानगी लागू राहावी.

परवानगी चालू शैक्षणिक वर्षासाठी असावी. पुढील वर्षी नवीन चिठ्ठी सादर करीन. कृपया ही बाब वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक व गणवेश तपासणाऱ्या शिक्षकांना कळवावी आणि निर्णय लेखी द्यावा.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक)

सोबत: १) डॉक्टरांची चिठ्ठी २) बुटांचा फोटो

फोटोची कल्पना माझी नव्हती, त्या आईची होती. सर चष्मा वर करून फोटो बघत म्हणाले, ‘हे काय, काळेच तर आहेत!’ आणि सही झाली. ‘विशेष बूट’ असं वाचून त्यांच्या डोळ्यांपुढे लोखंडी पट्ट्यांचं काहीतरी आलं असावं.

६. यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं का?

बुटाच्या परवानगीसाठी नाही. डॉक्टरांची चिठ्ठी पुरते. शासनाच्या बऱ्याच योजनांना ४० टक्क्यांची अट असते, म्हणून लोकांना वाटतं की इथेही ती असणार. पाय मोडून तीन महिन्यांसाठी आधाराचा बूट मिळालेल्या मुलाला असं प्रमाणपत्र मिळणारच नाही, तरी बूट त्याला घालावाच लागतो.

दोष कायमचा असेल तर प्रमाणपत्र काढून ठेवा. अर्ज swavlambancard.gov.in वर भरायचा आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. पण त्यासाठी बुटाचं पत्र अडवून ठेवू नका. दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत.

७. डॉक्टरांनी ‘चांगले स्पोर्ट्स शूज घाला’ एवढंच सांगितलंय. त्यासाठीही पत्र चालेल का?

चालेल, पण इथे शाळा थोडी संशयाने बघते, आणि त्याला कारण आहे. दरवर्षी दोन-तीन पत्रं अशी यायची की त्यांतली टाच क्रिकेटचा मोसम आला की दुखायची आणि मोसम संपला की बरी व्हायची. एका मुलाला लाल-निळे बूट मिळाले की आठवडाभरात पाच जणांच्या टाचा दुखू लागतात.

म्हणून चिठ्ठीत ‘स्पोर्ट्स शूज’ असा मोघम शब्द नको. डॉक्टरांना हवं असतं ते बहुतेक वेळा असं: टाचेची मागची बाजू कडक, तळ मधोमध न मुडपणारा, पुढे बोटांना जागा, आणि आतला इनसोल काढून त्या जागी करून घेतलेला इनसोल बसेल इतकी खोली. असे बूट पूर्ण काळ्या रंगात मिळतात. तळसुद्धा काळा बघा. पांढरा तळ लांबून आधी डोळ्यांत भरतो. पत्रात सरळ लिहा, ‘पूर्ण काळे, चिन्ह नसलेले’. रंग जुळला की निम्मा वाद तिथेच संपतो.

इनसोल नेहमीच्या शाळेच्या बुटात बसत असेल तर पत्राची गरजच नाही. आधी बसवून बघा. मुलाला बूट चावत असेल किंवा टाच वर येत असेल तर तो बसत नाही.

८. आमच्या शाळेत सगळी मुलं चपला-बूट वर्गाबाहेर काढतात. मग बुटाचा उपयोग काय?

हा आपल्याकडचा खरा प्रश्न. किनाऱ्यावरच्या बहुतेक शाळांमध्ये बाहेर लाल चिखल, आत शहाबादी लादी किंवा टाइल. म्हणून व्हरांड्यात पादत्राणांची रांग लागते. मूल सकाळी बूट घालून येतं आणि पुढचे पाच-सहा तास अनवाणी असतं.

हे चालेल की नाही ते बूट कशासाठी आहे त्यावर ठरतं. बसल्या जागी पायावर भार नसतो, त्यामुळे पायाची लांबी कमी असलेल्या मुलाला बाकावर बसून बूट नसला तरी काही होत नाही. पण ते मूल फळ्यापाशी जातं, मधल्या सुट्टीत डबा खायला जातं, जिने चढतं, शौचालयात जातं. तेवढ्या चालण्यात कंबर वाकडी होतेच. घोट्याला आधार देणारा ब्रेस असेल तर तो बुटाशिवाय घालून चालूच नये. त्याचं गुळगुळीत प्लास्टिक लादीवर साबणासारखं सरकतं. नुसता कमानीला आधार देणारा इनसोल असेल तर थोडा वेळ अनवाणी राहिलं तरी बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत. म्हणून चिठ्ठीत हे स्पष्ट करून घ्यायचं (प्रश्न ३).

शाळेला द्यायचा पर्याय म्हणजे आतली जोडी. जुने झालेले पण मापाचे बूट तळ धुऊन वर्गात कपाटाखाली ठेवायचे. शिक्षकांचा आक्षेप मातीला असतो, बुटाला नसतो. लहान मुलाला बूट बदलायला बसायला स्टूल आणि पाच मिनिटं लागतात, तेही पत्रात मागा.

चिठ्ठीत अनवाणी चालायला मनाई नसेल, तर सरस्वतीपूजन, देवळातली सहल अशा वेळी दहा मिनिटं बूट काढले तर काही बिघडत नाही. मुलाला कुणीतरी हात द्यावा, एवढंच. याचा पत्रात उल्लेख करू नका. उगाच वेगळीच चर्चा सुरू होते.

९. पावसाळ्यात काय करायचं? जून-जुलैत बूट तीन दिवसांत कुजल्यासारखे होतात.

पावसाळ्यात शाळाच सांगते की रबरी किंवा प्लास्टिकची पादत्राणं घाला. आपल्या मुलाला ते चालत नाही, हे पत्रात वेगळं लिहावं लागतं, नाहीतर ‘पावसात बूट कशाला?’ असं कुणीतरी विचारतंच.

एस.टी. थांब्यापासून शाळेपर्यंत पाच मिनिटांची वाट असेल तर मुलाने पावसाळी सँडल घालून यावं आणि शाळेत कोरडी जोडी घालावी. वाट लांब असेल तर त्या पावसाळी सँडललाही उंची लावून घ्यावी. पायाच्या लांबीत फरक असलेल्या मुलांसाठी हे सोपं आहे: हलक्या सूक्ष्मछिद्री रबराचा थर चांभार तळाला चिकटवून, कडेने घासून देतो. त्यावर खाचा असलेला तळ पुन्हा लावायला सांगा. जांभ्याच्या पायऱ्यांवर आषाढात शेवाळ धरतं आणि सपाट रबर त्यावरून हमखास घसरतं. चिकटवलेल्या थराची कड उकलायला लागली आहे का, ते आठवड्यातून एकदा बघा. ओल आधी तिथूनच शिरते.

ओले बूट चुलीजवळ किंवा गॅसवर धरून वाळवू नका. आतला इनसोल फोमचा असतो, तो तापवून पायाच्या आकाराला बसवलेला असतो. पुन्हा उष्णता लागली की त्याचा आकार जातो, आणि बाहेरून काही कळत नाही. इनसोल काढून वेगळा पंख्याखाली ठेवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरायचे आणि रात्री एकदा बदलायचे. चामड्यावर पांढरी बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून मगच पॉलिश.

१०. पीटी आणि १५ ऑगस्टला पांढरे बूट सक्तीचे आहेत. दुसरी जोडी परवडत नाही.

दुसरी ऑर्थोपेडिक जोडी करून घ्यायची गरज नाही. बाजारातला साधा पांढरा कॅनव्हास घ्या आणि त्याला वर सांगितल्याप्रमाणे बाहेरून थर लावून घ्या. आतल्या टाचेसाठी रोजच्या बुटातलीच काढघालीची टाच वापरता येते. मात्र घोट्याला आधार लागणाऱ्या मुलाला कॅनव्हासचा उपयोग नाही. त्याच्यासाठी पत्रात स्पष्ट लिहा की सर्व दिवशी काळेच बूट राहतील.

संचलनात मुख्याध्यापकांना रांग एकसारखी दिसायला हवी असते. ती इच्छा मला समजते, पण त्यासाठी मुलाला मागच्या ओळीत लपवलं जाऊ नये. हे पत्रात लिहिण्यापेक्षा क्रीडाशिक्षकांशी समोरासमोर बोललेलं बरं.

११. मुलाला ब्रेस आहे आणि त्यावर बूट. पत्रात आणखी काय मागायला हवं?

मोजे. हे कुणाला आठवत नाही. शाळेचे मोजे नायलॉनचे असतात, ब्रेसच्या आत घामाने कातडी सोलवटते. पाऊल आणि ब्रेसच्या मध्ये लांब, सुती, शिवण टोचणार नाही असा मोजा लागतो. ‘शाळेच्याच रंगाचे सुती मोजे’ अशी एक ओळ पत्रात घाला.

ब्रेस नवीन असेल तर पहिले काही दिवस तो थोडा थोडा वेळ वाढवत घालायचा असतो. त्या काळात मुलाला मधल्या सुट्टीत तो काढावा लागेल, म्हणजे पाय तपासायला जागा आणि मदतीला कुणीतरी लागेल. काढल्यावर लाल वण दिसतो. साधारण अर्ध्या तासात तो गेला नाही तर ब्रेस तिथे रुततो आहे आणि बनवणाऱ्याकडे परत न्यायला हवा. पायाला स्पर्श कमी कळणारी मुलं दुखतंय असं सांगत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे डोळ्यांनीच बघावं लागतं.

बुटाचं माप ब्रेसवरून घ्यायचं, पायावरून नाही. त्यामुळे बूट मोठा आणि बोजड दिसतो. ‘एवढे मोठे बूट का?’ हा प्रश्न येण्याआधीच पत्रात एक वाक्य असू द्या.

१२. जिल्हा परिषदेच्या शाळेत बूट-मोजे सरकारकडून मिळतात. ते घालायची सक्ती होते का?

ती सोय आहे, सक्ती समजू नका. मिळालेली जोडी घ्या आणि पत्र तरीही द्या. माप घेण्याआधी गुरुजींना सांगितलं आणि घोट्यापर्यंतचा किंवा एक माप मोठा बूट मिळाला, तर त्यालाच उंची लावून घेता येते आणि खर्च वाचतो.

याच शाळांसाठी समग्र शिक्षा अभियानातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्याला असतात. मोजमापाची शिबिरं होतात आणि तिथून ब्रेस, बूट, कुबड्या मिळतात. शिबिराची तारीख गटसाधन केंद्रात कळते. मुंबईला जाणं जमत असेल तर हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत बूट-ब्रेस बनवण्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे.

१३. बाळाचे पाय जन्मतः वाकडे होते, आता रात्री दांड्याचे बूट घालतो. बालवाडीला पत्र द्यायचं का?

नाही. तो ब्रेस रात्री आणि झोपेत घालायचा असतो. बालवाडीत मुलं दुपारी झोपवत असतील तर बाईंशी बोलून ठेवा. दिवसा घालायला डॉक्टरांनी वेगळा बूट दिला असेल तरच पत्र.

१४. मुलाचे तळवे सपाट आहेत. डॉक्टर म्हणतात बुटाची गरज नाही, पण घरच्यांना वाटतं घ्यावा. पत्र देऊ का?

देऊ नका. लहान मुलांचे तळवे सपाट दिसतातच, कमान हळूहळू तयार होते. मूल चवड्यांवर उभं राहिलं की कमान दिसते आणि पाय दुखत नाही, तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. डॉक्टर नाही म्हणत असताना शाळेकडे सवलत मागितली, तर पुढच्या खऱ्या पत्राची किंमत कमी होते.

पाय दुखतो, एकच पाय सपाट आहे किंवा कमान कधीच दिसत नाही, असं असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

१५. मुख्याध्यापक नाही म्हणाले. किंवा काहीच बोलले नाहीत. आता?

‘काहीच बोलले नाहीत’ हेच जास्त होतं. पोचेवरच्या तारखेपासून आठवडाभर थांबा आणि मग आवक क्रमांक लिहून दोन ओळींचं स्मरणपत्र द्या. बहुतेक कागद या स्मरणपत्राने हलतात.

स्पष्ट नकार असेल तर तो लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की कारण शोधावं लागतं, आणि ‘सगळ्यांना एकच नियम’ यापलीकडे कारण सहसा निघत नाही. तेव्हा मग कायद्याचा उल्लेख करा, आधी नाही. पहिल्याच पत्रात कलमं लिहिली की सर ते पत्र संस्थेच्या सचिवांकडे पाठवतात आणि दोन दिवसांचं काम दोन महिन्यांवर जातं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शासनाचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी, असं आहे. म्हणजे ‘आम्ही खाजगी आहोत’ हे उत्तर मान्यताप्राप्त शाळेला देता येत नाही. बुटांवरून मुलाला रांगेबाहेर उभं करून लाजवलं जात असेल, तर शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ बघा. त्यात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे.

पुढची पायरी प्राथमिक शाळेसाठी केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (माध्यमिक). सिंधुदुर्गात ते कार्यालय ओरोसला आहे, रायगडात अलिबागला, रत्नागिरीत शहरातच. अर्जासोबत पत्राची पोच, स्मरणपत्र आणि चिठ्ठी जोडा. दिव्यांगत्वाचा विषय असेल तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. माझ्या काळात एकही पत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या पुढे गेलं नाही.

१६. दरवर्षी नवीन पत्र द्यायचं का? पाय तर सहा महिन्यांत वाढतो.

वर्षाला एक पत्र आणि एक ताजी चिठ्ठी. मधे बूट बदलले तर नवीन पत्र नको, म्हणूनच नमुन्यात तिसरा मुद्दा आहे. उंची बदलली, ब्रेस नव्याने आला किंवा बूट बंद झाला, तरच कळवा. नवीन मुख्याध्यापक आले की मात्र जुन्या परवानगीची प्रत घेऊन स्वतः भेटून या.

१७. मुलगी म्हणते, जाड तळाचे बूट घालून जाणार नाही, पोरं हसतात. वर्गाला सांगायला लावू का?

तिला विचारा. काही मुलांना बाईंनी एकदा सांगून टाकलेलं बरं वाटतं, काहींना तो दिवस जन्मभर आठवतो. पत्रात ‘वर्गात जाहीर करावे’ असं आपणहून लिहू नका.

थराची कड काळ्या रंगाने रंगवून घेतली तर दीड सेंटिमीटर लांबून ओळखू येत नाही. प्रश्न ५ मधल्या मुलीने स्वतःच एक उत्तर शोधून काढलं होतं. कुणी विचारलं की ती म्हणायची, ‘माका एका पायान उंच होऊचा होता.’ दोनदा हसले आणि मग विचारायचे थांबले.

१८. दहावीला परीक्षा केंद्र दुसऱ्या शाळेत आहे. तिथे बूट बाहेर काढायला लावले तर?

आपल्या शाळेची परवानगी दुसऱ्या शाळेच्या केंद्रावर आपोआप चालत नाही. परीक्षा सुरू होण्याच्या काही आठवडे आधीच मुख्याध्यापकांकडून केंद्रसंचालकांच्या नावे एक पत्र घ्या, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. बूट आणि ब्रेस घालून बसावं लागेल, आणि तपासणी करायची झाल्यास वेगळ्या जागी, बसवून करावी, एवढं त्यात असू द्या. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी आसनव्यवस्था बघायला जाल तेव्हाच ते हातात द्या. वर्ग वरच्या मजल्यावर आला असेल तर तेव्हाच तळमजल्यावर बदलून मागता येतो. पेपरच्या दिवशी सकाळी ते जमत नाही.